बायनाबाईचं येणं

सेलूत कापसाचा बाजार मोठा, आणि त्या बाजाराच्या मागंपुढं जिनिंग फॅक्टऱ्या. त्यातल्याच एका फॅक्टरीच्या आवारात, बॉयलरच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत बायनाबाईनं संसार केला. तिला ओळखणारी माणसं अजून सांगतात, बाई तोंडाची फटकळ, कुणाचं मिंधेपण नाही, हातावर कुणी चार आणे जास्त ठेवले तरी 'हे कशाचे?' म्हणून विचारणार. ते खरंच आहे. पण ती काही जन्मापासून तशी नव्हती. नवरा जिवंत होता तोवर ती खालमानेनं वागणारी, मॅनेजर समोरून आला की पदर सावरून बाजूला सरणारी बाई होती. तिला फटकळ केलं ते एका अर्जानं, आणि तो अर्जही तिनं स्वतःच दिला होता.

तिचा नवरा सूर्यभान फॅक्टरीत आगवाला होता. बॉयलरला कोळसा घालायचा, वाफेचा काटा सांभाळायचा, हंगाम संपला की बॉयलरच्या पोटात शिरून राख आणि गाळ खरवडायचा, हे त्याचं काम. बाकीची माणसं हंगामापुरती. कापूस आला की यायची, सरला की गावाकडं जायची. सूर्यभान मात्र बारा महिन्यांचा, कायम, त्यामुळं त्याच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा. वर्षातून एकदा मुंबईहून इंग्रजीतली एक चिठ्ठी यायची. ती त्याला वाचता यायची नाही, बायनाबाईला तर नाहीच. तरी तो ती पेटीत जपून ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यो आपला फंड हाय. माझ्यामागं तुझं नाव लावलंय. नॉमिनी म्हंतेत त्याला." बायनाबाई म्हणायची, "तुमच्यामागं कामून? आधीच काढा की, घर बांधू." वस्तीत त्यांची एक मोकळी जागा होती, चार भिंती आणि पत्रे एवढंच तिचं मागणं. तो हसून विषय सोडून द्यायचा.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात सूर्यभानला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग परभणीचा सरकारी दवाखाना, आणि आठवड्याच्या आत माणूस गेला. सप्टेंबर नुकता लागला होता. फॅक्टरीचा पगार त्या काळात थकलेलाच असायचा. हंगाम नाही, शेठ बाहेरगावी, आज देतो उद्या देतो. जुलै-ऑगस्टचा सगळा पगार आणि सप्टेंबरातले कामाचे दिवस, एवढं सूर्यभानचं फॅक्टरीकडं राहिलं होतं. शिवाय फंड. आणि खोली फॅक्टरीची. दिवाळीनंतर हंगाम सुरू होणार, नवा आगवाला येणार आणि त्याला ती खोली लागणार, हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलती लेक विमला झरीला दिलेली. जावई म्हणाला, "मामी, आमच्याकडं चला." बोलला चांगलंच, पण त्याची आई मागं उभी राहून भिंतीकडं बघत होती. बायनाबाईनं तेवढ्यात जे समजायचं ते समजून घेतलं. लेकीच्या सासूच्या चुलीवर म्हातारपण काढायचं नसेल तर वस्तीतल्या जागेवर भिंती उभ्या राहायला हव्यात, आणि त्या सूर्यभानच्या पैशातूनच उभ्या राहणार. दुसरा पैसा नव्हताच.

वस्तीतली सरजाबाई फॅक्टरीत सरकी निवडायला जायची. ती म्हणाली, "अर्ज द्या. तोंडी मागितलं तर कुत्रं इचारीत न्हाई."

अर्ज लिहायचा म्हणजे किशनराव. तहसिलीसमोरच्या लिंबाखाली लाकडी पेटी मांडून बसणारा हा अर्जनवीस निजामाच्या काळापासूनचा. उर्दूत अर्ज लिहीत लिहीत राज्य बदललं, मग मराठीत लिहू लागला. लिपी बदलली पण वाकणं तेच राहिलं. माणूस वाईट नव्हता. विधवा बाई बघून त्यानं दोन रुपयांऐवजी एकच घेतला आणि मन लावून लिहिलं. मग मान हलवत वाचून दाखवलं:

"मेहेरबान मालकसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार गरीब विधवा बायनाबाई, मयत सूर्यभान आगवाला यांची बायको, हिचा विनंतीअर्ज ऐसा की, आपण आमचे मायबाप आहात. आपले कृपेवाचून अर्जदारास जगात आधार नाही. तरी मयताचा थकीत पगार व फंड याबाबत दयाळू अंतःकरणाने विचार होऊन गरिबास योग्य ती मदत मिळावी, ही नम्र प्रार्थना."

बायनाबाई 'मदत' या शब्दापाशी अडली. ती म्हणाली, "मामा, मदत कामून? पगार हाय की त्यो."

"बाई, कागदाला वाकावं लागतं," किशनराव म्हणाले. "ताठ कागद वाचीत नसतेत. मी उमर घातली ह्याच्यात."

तिनं खाली आपली सही केली. सही तिला यायची. वस्तीतल्या विहारात रात्रीच्या वर्गाला बसून शिकली होती आणि सूर्यभाननं तिचं कौतुकही केलं होतं. पाच अक्षरं जुळवायला वेळ लागायचा एवढंच.

फॅक्टरीचा मॅनेजर व्यंकटराव. गोरापान, तोंडात सतत लवंग, बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला आपल्याच कपड्यांची लाज वाटावी. त्यानं अर्ज उभ्याउभ्या वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. आता कळतं की का खुलला. त्याच्या हातात त्या बाईनं, किशनरावांच्या वळणदार अक्षरात, त्याला पाहिजे होता तोच शब्द आणून दिला होता.

आठ दिवसांनी शेठ स्वतः वस्तीत आले. जीप वेशीपाशी उभी राहिली, पोरं गोळा झाली, बायनाबाईलाही खोलीवरून तिथं बोलावून घेतलं. व्यंकटरावनं चार माणसांसमोर छोटंसं भाषण केलं. शेठजींचं मन कसं मोठं आहे, फॅक्टरी म्हणजे एक कुटुंब कसं आहे, कामगाराच्या विधवेला शेठजी कसे वाऱ्यावर सोडत नाहीत. मग दोनशे रुपये मोजून बायनाबाईच्या हातात दिले. एका कागदावर रशिदी तिकीट आधीच चिकटवलेलं, शाईचा डबा आधीच उघडलेला.

"मला सही येतीय," बायनाबाई म्हणाली.

"राहू दे बाई, अंगठ्यानं काम भागतंय. शेठजींना उशीर होतोय," व्यंकटराव म्हणाला, आणि तिचा अंगठा स्वतः धरून उठवला.

कुणीतरी मागून म्हणालं, पाया पड. बायनाबाई वाकली. शेठनी पाय जरासे मागं घेतले. तो काही नम्रपणा नव्हता. तिचा हात बुटाला लागू नये म्हणून त्यांनी पाय मागं घेतले, आणि ते जवळ उभ्या असलेल्या सरजाबाईनं नीट बघितलं. वस्ती मात्र खूष. चार दिवस शेठच्या मोठेपणाशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. आपल्या लोकांना एवढं सोसल्यावरही असल्या देखाव्याचं कौतुक वाटावं, याची शिसारी सरजाबाईला तेव्हाच आली होती. बायनाबाईला यायला महिना लागला.

महिन्यानं ती ऑफिसात गेली, पगाराचं आणि फंडाचं काय म्हणून विचारायला. व्यंकटराव चहा पीत होता. तिला दाराबाहेरच थांबवून तो म्हणाला, "पगार? तुझा अर्ज निकाली निघाला की. मदत मागितलीस, शेठनी मदत दिली."

"ती मदत व्हती. पगार राह्यलाय."

त्यानं कपाटातून पावती काढली आणि तिच्यासमोर न धरता स्वतःच वाचली: "मयताचा पगार व इतर सर्व येणे रोख मिळाले. भरून पावले. यापुढे काही एक तक्रार नाही." खाली बायनाबाईचा अंगठा, शाई जराही न पसरलेला, अगदी स्वच्छ उठलेला.

बायनाबाईनं दाराबाहेरूनच मान पुढं करून तो अंगठा बघितला. मग म्हणाली, "म्हंजे ते माझ्या घरधन्याचेच पैसे व्हते?"

"आता तसं म्हण हवं तर."

"आन् त्यासाठी मला चारचौघांत वाकायला लावलं तुमी? आमचाच पगार आमालाच दिला, त्योबी आर्धा, आन् वरून पाया पडून घेतलं?"

व्यंकटराव हसला. या माणसाच्या हसण्यात राग नव्हता, संकोचही नव्हता, आणि तेच सगळ्यात किळसवाणं होतं. चोरानं चोरी करताना निदान इकडंतिकडं बघावं. हा लवंग चघळत होता. "हे बघ बाई," तो म्हणाला, "फंड अजून शेठच्या हातात आहे. जास्त बोलू नको. दिवाळीच्या आत खोली रिकामी कर, मागचं सगळं मिळालं म्हणून एक कागद लिहून दे, मग मी फंडाच्या फॉर्मवर सही करतो. शेठना तुझी दया आहेच."

ती बाहेर आली. आवारातल्या हौदावर तिनं तोंड धुतलं, चूळ भरली. ज्या शेठच्या पायाशी तिनं डोकं नेलं त्याच्यापेक्षा तिला स्वतःच्या कपाळाचाच जास्त वीट आला. रात्रीच्या वर्गाला बसून अक्षरं शिकली, व्यंकटरावनं हात धरला आणि ती अंगठा देऊन बसली.

फंड शेठच्या हातात आहे हे मात्र तिला खरं वाटलं. कुणालाही वाटलं असतं. पगारातून कापणारा शेठ, मग पैसा त्याच्याकडंच असणार. सरजाबाईच्या एका भाच्यानं सुचवलं की परभणीला कामगार खात्याचं ऑफिस आहे, तिथं विचारा. बायनाबाई सकाळच्या पॅसेंजरनं निघाली. ऑफिसात साहेब दौऱ्यावर होते. एक कारकून टेबलावर डबा उघडून जेवत होता. त्यानं तिला उभंच ठेवलं, दोन घास खाल्ले, आणि तिनं सगळं सांगून झाल्यावर बोटं चाटत म्हणाला, "बाई, फंड काय त्याच्या घरचा आहे का? तो मुंबईच्या फंडाच्या ऑफिसात तुझ्या नवऱ्याच्या खात्यावर जमा आहे. मालकाचं काम फक्त फॉर्मवर सही-शिक्का करून पुढं धाडायचं. ते त्याचं कर्तव्य आहे, उपकार न्हवे."

"मंग त्यानं सही न्हाई केली तर?"

"तर पोस्टमास्तर करील. हेडमास्तर करील. सरपंच करील. मालकानं नाकारलं असं लिहून दुसऱ्या कुणाची सही घेऊन थेट मुंबईला पाठव." त्यानं ड्रॉवरमधून फंडाचे दोन फॉर्म काढून टेबलावर टाकले आणि पुन्हा भाकरीकडं वळला.

बायनाबाई दारापर्यंत गेली आणि परत वळली. "सायब, हे सगळ्या कामगारायला ठावं असतंय का?"

"विचारलं तर सांगतो," कारकून म्हणाला.

येताना गाडीत तिच्या मनात हेच एक वाक्य फिरत राहिलं. विचारलं तर सांगतो. एक जण फसवतो, आणि ज्याला खरं माहीत आहे तो डबा खात बसतो, कुणी येऊन विचारील म्हणून. बारा वर्षं फंड कापला, फॅमिली पेन्शनची योजना आली तेव्हा त्यात नाव घालायचं की नाही हेही सूर्यभानला कुणी विचारलं नव्हतं. हेही त्या कारकुनानंच घास चावता चावता सांगितलं होतं. तिला त्या गाडीतल्या सगळ्या इस्त्रीच्या सदऱ्यांचा तिटकारा आला. त्यात काही माणसं चांगलीही असतील. त्या दिवशी तिला ती शोधायची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती किशनरावांच्या पेटीसमोर बसली.

"मामा, लिहा. मी सांगते तसं लिहा. तुमचं काई घालू नका."

किशनरावांनी सवयीनं लेखणी उचलून "मेहेरबान" लिहिलं. बायनाबाईनं कागदावर हात ठेवला. "खोडा त्ये."

"अगं, असं कोरडं कुठं लिहितेत?"

"तुमच्या मेहेरबानानं माझा पगार खाल्ला मामा. मदत मागितली म्हणून मदत दिली आन् पगार गिळला. तुमचं अक्षर लय चांगलं हाय, पण त्यो शब्द तुमचा व्हता."

किशनरावांनी लेखणी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला. एवढी वर्षं त्यांनी हजारो अर्जांत मायबाप आणि दयाळू अंतःकरण लिहिलं असेल, आणि त्यातल्या किती अर्जांवर कुणी कुणाला असंच भरून पाववलं असेल, हे त्यांच्या मनात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी नवा कागद घेतला. बायनाबाई बोलत गेली, ते लिहीत गेले:

"मी मयत सूर्यभान आगवाला यांची पत्नी व त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाची नॉमिनी आहे. ते आपल्या फॅक्टरीत बॉयलरवर कामाला होते व सप्टेंबरात वारले. त्यांचा जुलै व ऑगस्टचा पगार आणि सप्टेंबरातील कामाच्या दिवसांचा पगार येणे आहे. तो द्यावा. आपण दोनशे रुपये दिले आहेत. ते पगारातले असतील तर तसे लिहून कळवावे. फंडाचा फॉर्म व मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. फॉर्मवर सही-शिक्का करून तो मुंबईच्या ऑफिसला पाठवावा. मला मदत नको. माझे येणे द्यावे."

किशनरावांनी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. "ह्या राहू द्यायच्या?"

"त्येच तर लिहायलाव आपण," ती म्हणाली.

पत्राच्या तीन प्रती झाल्या. एक फॅक्टरीला, एक परभणीच्या कामगार ऑफिसला, एक मुंबईच्या फंडाच्या ऑफिसला. तिन्ही रजिस्टर, पोचपावतीसह. सही तिनं केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढून. किशनरावांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. तिनं पेटीवर दोन रुपये ठेवले आणि उठली.

फॅक्टरीनं उत्तर दिलं नाही. उत्तराऐवजी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गडी आले आणि बायनाबाईची पेटी, भांडी, गोधड्या आवारात आणून ठेवल्या. नवा आगवाला आपल्या बायकोपोरांसह बाहेर बैलगाडीपाशी उभा होता. त्याला बिचाऱ्याला तिच्याकडं बघवेना. बायनाबाईनं त्याच्या बायकोला सांगितलं की पत्रा कोपऱ्यात गळतो, तिथं धान्य ठेवू नको. मग सरजाबाईच्या पडवीत बिऱ्हाड हलवलं.

फॉर्मवर फॅक्टरीची सही येत नाही हे नक्की झाल्यावर तिनं दुसरा फॉर्म पोस्टमास्तरांपुढं ठेवला. रजिस्टरची पोचपावती दाखवली, म्हणजे मालकाला फॉर्म मिळाला आणि त्यानं तो दाबला हे उघडच होतं. पोस्टमास्तर सरळ माणूस होता. त्यानं मुंबईच्या त्या इंग्रजी चिठ्ठीवरून खात्याचा नंबर भरला, तिची सही समोर करवून घेतली, आपला शिक्का मारला, आणि पोस्टात तिच्या नावाचं बचत खातंही उघडून दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मुंबईहून एकदा कागद परत आला, मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या वडिलांचं नाव चुकलं म्हणून. तो दुरुस्त करायला परभणीच्या दवाखान्यात आणि मग नगरपालिकेत तीन खेपा. प्रत्येक खिडकीत कुणीतरी तिला सांगे, गरीब आहेस, मदत मिळेल. ती म्हणे, मदत नको. खिडकीतली माणसं चिडत. एकानं तर विचारलं, "एवढा माज कशाचा गं?" ती त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आणि त्यानं कागद दिला.

फाल्गुनात फंडाचे पैसे तिच्या पोस्टातल्या खात्यावर जमा झाले. अठराशे आणि वर काही. पुस्तकावर आकडा बघून ती सरजाबाईच्या पडवीत येऊन बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. सूर्यभानसाठी एवढी रडली नव्हती. सरजाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "झालं ना आता? पगाराचं सोडून दे. भिंती उभ्या कर."

"पगाराचे कामून सोडू?"

"किती राह्यलेत? दोनशेतर त्यानं दिलेत. बाकी शंभर-दीडशे. त्यापायी उन्हात परभणीला हिंडायलीस."

 पण बायनाबाईनं सोडलं नाही.

कामगार ऑफिसनं फॅक्टरीला तारीख दिली होती. पहिल्या तारखेला व्यंकटराव आलाच नाही. दुसऱ्या तारखेला वकिलाची चिठ्ठी आली. तिसऱ्या वेळी साहेबानं लिहिलं की आता आला नाहीत तर वेतन कायद्याखाली दावा लागेल, तेव्हा तो आला, कडक कपड्यांत, हातात पावतीची फाईल. साहेब तरुण होता, घामानं ओला झालेला, त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. त्यानं पावती बघितली, बायनाबाईचं पत्र बघितलं. दोनशेत दोन महिन्यांचा पगार भरून पावत नाही हे उघडच होतं.

"हे दोनशे काय होते?" त्यानं विचारलं. "मदत की पगार?"

व्यंकटराव पटकन म्हणाला, "पगार, साहेब. पावतीवरच आहे. म्हणून तो वजा करून राहिलेला हिशेब आम्ही द्यायला तयार आहोत. शिवाय फंडाची ती नॉमिनी असेल, पगाराला वारस दाखला लागतो. पण आम्ही माणुसकी धरून सोडतोय."

बसलेल्यांपैकी कुणालाही काही वाटलं नाही. वस्तीत जीप नेऊन, पोरांसमोर भाषण ठोकून दिलेली शेठजींची मदत एका वाक्यात गायब झाली, आणि ते वाक्य बोलताना व्यंकटरावच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. बायनाबाईला वाटलं होतं, निदान इथं तरी हा माणूस अडेल, मान खाली घालील. दोनशे रुपयांसाठी त्यानं आपल्या शेठचा सगळा मोठेपणा विकून टाकला. तिला त्याची कीव आली असं म्हणता येणार नाही. तिला शिसारी आली.

"बाई, तुझ्या नवऱ्याला तुझ्याशिवाय दुसरं कुणी वारस आहे?" साहेबानं विचारलं.

"लेक हाय. तिनं आईलाच द्या म्हणून लिहून दिलंय." तिनं विमलाच्या सहीचा कागद पुढं केला.

"झालं तर मग. दोनशे वजा, बाकी द्या." साहेबानं कारकुनाला समझोत्याचा कागद टाइप करायला सांगितला. व्यंकटराव कारकुनाच्या खुर्चीमागं जाऊन वाकला आणि हळू आवाजात दोन ओळी सांगितल्या. कागद आला. साहेब म्हणाला, "सही कर."

बायनाबाईनं कागद डोळ्यांजवळ धरला. तिला वाचायला वेळ लागतो. खोलीतला पंखा फिरत होता, साहेब घड्याळाकडं बघत होता, व्यंकटराव खिशातली लवंग चाचपत होता. ती ओठ हलवत, अक्षर अक्षर जुळवत वाचत राहिली आणि चौथ्या ओळीला थांबली. तिथं लिहिलं होतं: कंपनीने केवळ सहानुभूतीपूर्वक ही रक्कम बाईंस दिली.

"हे खोडा," ती म्हणाली.

"अरे बाई," साहेब वैतागला, "भाषा आहे ती. पैसे तेच आहेत ना? पैसे तेवढेच मिळतायत ना तुला?"

"पैशे त्येच हायेत, सायब. देणारा चुकीचा लिहिलाय."

"म्हणजे?"

"ह्ये पैशे देणारा माणूस मेलाय," बायनाबाई म्हणाली. "बॉयलरपाशी उभा राहून त्यानं मला दिलेत. ह्यायनी फक्त दाबून धरले व्हते."

साहेबानं तिच्याकडं बघितलं. मग टेबलावरचा पेन उचलून ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली, शेजारी आपली छोटी सही केली, आणि वर लिहिलं, 'मयताच्या पगाराची बाकी'. व्यंकटरावनंही त्याखाली सही केली. न करून चालणार नव्हतं. बायनाबाईनं सगळ्यात शेवटी केली, पाच अक्षरं, एकेक वेगळं. शाईचा डबा कारकुनानं सवयीनं पुढं सरकवला होता, तो तसाच उघडा राहिला.

नोटा तिनं मोजून घेतल्या आणि कनवटीला लावल्या. व्यंकटराव उठता उठता म्हणाला, "चला, झालं बाई तुझ्या मनासारखं. शेठजींना काही सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली, "आमचा हिशेब मिटला. पर मी भरून पावले न्हाई."